सरासरीत हरवलेले ॲप

केंद्रप्रमुखांनी पाठवलेल्या ॲप-मूल्यमापनाच्या नमुन्यात शेवटचा रकाना 'एकूण गुण, दहापैकी' असा होता. तो मी कोरा ठेवला, आणि अहवालाबद्दल विचारणा झाली ती फक्त तेवढ्या एका रकान्याची.

ॲप प्राथमिक गणिताचे होते. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, पट ३४, देणगीतून आलेले ८ टॅब. तालुक्यात 'तंत्रस्नेही शिक्षक' असा शिक्का एकदा बसला की अशी कामे आपसूक येतात. कंपनीचा माणूस येऊन दाखवून गेला तेव्हा सगळे छानच दिसले. दाखवणाऱ्याच्या बोटाला योग्य उत्तर ठाऊक असते. म्हणून मूल्यमापनाची सुरुवात मी नेहमी चुकीच्या उत्तरापासून करतो.

हातच्याच्या वजाबाकीत तिसरीची बरीच मुले एक ठरावीक चूक करतात. ५२ वजा ३८ दिले की उत्तर येते २६. "कसं केलंस?" असे विचारले की मूल शांतपणे सांगते, "आठातून दोन गेले, सहा. पाचातून तीन गेले, दोन." वरचा अंक कोणता, खालचा कोणता, हे ते पाहत नाही, मोठ्यातून लहान काढते. यात निष्काळजीपणा नाही. तो त्या मुलाचा नियम आहे आणि ते तो इमानाने पाळते. मी त्या मुलासारखा ॲपपुढे बसलो आणि प्रत्येक गणितात हीच चूक केली: ६१ वजा २७ ला ४६, ४३ वजा १९ ला ३६. चुकांमधला सारखेपणा ॲपला ओळखू येतो का, एवढेच मला बघायचे होते.

त्याला तो ओळखू आला नाही. दर वेळी पडदा लाल झाला, 'पुन्हा प्रयत्न करा' असा गोड आवाज आला आणि तेच चार पर्याय पुन्हा समोर आले. चारांतले एक बाद झाले की उरतात तीन, मग दोन. शेवटी हिरवे झाले, चांदणी मिळाली आणि मी पुढच्या पातळीवर गेलो. शिक्षकांच्या खात्यात या मुलाच्या नावापुढे 'घटक पूर्ण' अशी नोंद होती. वर्गातही तेच पाहिले. एका मुलाची चांदण्यांची रांग भरली होती. त्याला पाटीवर ५२ वजा ३८ मांडायला सांगितले, तर त्याने २६ लिहिले. त्यालाच काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दिल्या आणि ३८ काढून दे म्हटले. तो सुट्या दोन काड्यांकडे बघत थांबला, मग एका गठ्ठ्याचे रबर काढले. ॲपमध्येही गठ्ठे होते, पण ते आपोआप सुटत. मुलाने काहीच सोडवायचे नव्हते.

आता हे अहवालात कसे लिहायचे? 'ॲप रंजक आहे, पण संकल्पना स्पष्ट होत नाहीत' असे लिहिले तर ते कुठल्याही ॲपला लागू पडते आणि कंपनी 'सूचना विचारात घेऊ' म्हणून मोकळी होते. मी लिहिले: 'हातच्याच्या वजाबाकीत एकाच प्रकारची चूक सलग केल्यावरही ॲप पुढची पातळी उघडते. चुकीनुसार मदत बदलत नाही. ॲपमधील "घटक पूर्ण" ही नोंद अध्ययन निष्पत्तीचा पुरावा म्हणून वापरू नये.' हे वाचून कोणीही टॅब हातात घेऊन पडताळणी करू शकतो. माझ्या मते अहवालातल्या प्रत्येक वाक्याने एवढी सोय ठेवलीच पाहिजे.

सुलभतेची तपासणी त्या मानाने झटपट होते, कारण अवजार टॅबमध्येच असते. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये टॉकबॅक चालू करायचे, म्हणजे बोट जिथे फिरेल तिथले टॅब वाचून दाखवतो. इथे तो बहुतेक ठिकाणी नुसते 'बटण' म्हणत होता. कसले बटण, ते बनवणाऱ्याने लिहिलेच नव्हते. काड्या ओढून टोपलीत टाकायचा खेळ टॉकबॅक चालू असताना अडून बसला. अक्षरे मोठी करायला गेलो तर प्रश्न चित्राच्या रूपात असल्याने ते तसेच बारीक राहिले. वर्गातली एक मुलगी पुस्तक डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरते. तिच्यासाठी हे ॲप नाहीच. बरोबर-चूकही फक्त हिरव्या-लाल रंगाने कळत होते. मात्र विमान मोड लावल्यावरही धडे उघडत होते. आमच्याकडे रेंज वाऱ्यावर अवलंबून असते, त्यामुळे हे मी आवर्जून लिहिले.

खर्चात पहिले वर्ष फुकट. दुसऱ्या वर्षापासून दर मुलामागे ३०० रुपये, म्हणजे ३४ मुलांचे वर्षाला १०,२००. समग्र शिक्षाच्या निकषांप्रमाणे आमच्या पटाच्या शाळेला वर्षाकाठी संयुक्त अनुदान मिळते ते जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यातच वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा, स्वच्छता. एका ॲपने त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक खाल्ले तर छपराचे पत्रे कशातून बसवायचे? शिवाय टॅब ८, परवाने ३४. टॅबमागे आकारणी करता का, असे विचारल्यावर 'वर विचारून सांगतो' असे उत्तर आले.

विदेच्या गोपनीयतेला नमुन्यात सगळ्यांत लहान चौकट होती. मला सगळ्यांत जास्त वेळ तिथेच लागला. नोंदणीत मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो आणि पालकांचा मोबाइल नंबर मागत होते. मी 'वाघ एक', 'वाघ दोन' अशी नावे घातली, ती चालली. फोटो टाळता आला. मोबाइल नंबर मात्र टाळता येईना, ओटीपीशिवाय नोंदणी पुढे जाईना. कशाला हवा, तर पालकांना प्रगती कळवायला. गोपनीयता धोरण इंग्रजीत होते; ते वाचले, तर त्याच नंबरावर 'नव्या योजना व उत्पादने' कळवण्याची मुभा कंपनीने घेऊन ठेवली होती. ॲपच्या परवानग्यांत ठिकाण होते. वजाबाकीला ठिकाण लागत नाही. एक्झोडस प्रायव्हसी नावाच्या संस्थेचे साधन अँड्रॉइड ॲपमध्ये कोणकोणते माग काढणारे तुकडे बसवलेत ते दाखवते. त्यात जाहिरातींचे तुकडे निघाले. मग 'वाघ एक'चे खाते पुसून टाका, असे कंपनीला पत्र लिहिले. खाते बंद झाल्याचा निरोप आला. नोंदी पुसल्या का, याचे उत्तर आले नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा. १८ वर्षांखालील प्रत्येकजण त्यात बालक आहे, पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि मुलांना लक्ष्य करून जाहिरात करायला बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. शैक्षणिक कामासाठी मुलांच्या हालचाली नोंदवायला शिक्षणसंस्थांना मर्यादित सूट आहे. जाहिरातीचा तुकडा त्या सुटीत बसत नाही. नोंदणीच्या तक्त्यावर सरसकट सह्या घेऊन शाळा संमती उरकते, त्यावरही मी एक परिच्छेद लिहिला. मुख्याध्यापकांना तो आवडला नाही.

आता त्या कोऱ्या रकान्याबद्दल. समजा मी अध्यापनाला ४, सुलभतेला ३, खर्चाला ६ आणि गोपनीयतेला १ दिला असता, तर सरासरी साडेतीन आली असती. आणि कंपनीने पहिल्या वर्षासारखे पुढेही ॲप फुकटच ठेवले, धडे जरा सुधारले, तर तीच सरासरी पाचापर्यंत जाते. ओटीपी आणि जाहिरातींचे तुकडे तिथेच असतात. खर्चातल्या गुणांनी गोपनीयतेतली तूट भरून निघत नाही. म्हणून गोपनीयतेला मी गुण न देता फक्त 'अट पूर्ण' किंवा 'अट अपूर्ण' असे ठेवतो, आणि अपूर्ण असेल तर बाकीचे तिन्ही निकष निर्णयापुरते थांबतात.

केंद्रप्रमुख म्हणाले, "सर, तक्त्यात आकडा लागतो हो, गटशिक्षणाधिकारी विचारतात." त्या जागी मी शिफारस लिहून दिली: मोबाइल नंबराशिवाय नोंदणी, ठिकाणाची परवानगी आणि जाहिरातींचे तुकडे काढलेली आवृत्ती, आणि नोंदी पुसल्याची लेखी पोच मिळाली तरच शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावे, तोपर्यंत टॅबवरून ॲप काढावे. वजाबाकीसाठी गणितपेटी वापरावी.