नवरीचं चित्र, नथीच्या बाजूने

लग्नपत्रिकेवर छापायला किंवा भिंतीवर लावायला नवरीचं चित्र काढून घेण्याची हौस आता बऱ्याच घरांत असते. चित्रकाराला आपण सांगतो, ‘मराठमोळी नवरी हवी.’ एवढ्यावर तो जे काढतो, त्यात नथ, नऊवारी, हिरव्या बांगड्या सगळं असतं, पण घरातली आजी बघताक्षणी म्हणते, ‘काहीतरी चुकलंय.’

बहुतेक वेळा चुकते ती बाजू. नथ डाव्या नाकपुडीत असते आणि पदर डाव्या खांद्यावर. नवरी समोर तोंड करून उभी असेल, तर पाहणाऱ्याला दोन्ही उजवीकडे दिसतात. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो अनेकदा आरशासारखा उलटा साठवला जातो. तोच नमुना म्हणून दिला, तर नथ आणि पदर दोन्ही बाजू बदलतात. दोन्ही एकदमच उलटले असतील, तर दोष फोटोचा समजावा. एकच चुकलं असेल, तर चित्रकाराचा. नथ नीट दिसावी म्हणून नवरीचा चेहरा तिच्या उजवीकडे किंचित वळवावा, म्हणजे डावा गाल आपल्याकडे येतो. ही नथ म्हणजे मोठी गोल कडी नव्हे आणि तिला कानापर्यंत जाणारी साखळीही नसते. सोन्याच्या तारेत मोती गुंफलेले, मध्ये लाल किंवा हिरवा खडा आणि आकार बाकदार. ती नाकपुडीला लगटून ओठाच्या वर येते.

नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते आणि ती परकराशिवाय नेसतात. साडी कमरेभोवती घेऊन पोटावर घट्ट गाठ मारतात. पुढे निऱ्या खोचतात, एक भाग पायांमधून मागे नेऊन त्याचा काष्टा कमरेत खोचतात आणि उरलेला पदर छातीवरून डाव्या खांद्यावर जातो. त्यामुळे सहावारीसारखा खालपर्यंत सरळ गोल घेर काढला, तर ती नऊवारी उरत नाही. समोरून निऱ्यांचा भरगच्च झोत दिसतो, त्याच्या दोन्ही बाजूंना साडी पायांभोवती वेगवेगळी होते. पाठीमागून चित्र असेल, तर मध्यावरून खाली उतरणारा काष्टा आणि त्याचा काठ दिसायलाच हवा. ब्राह्मणी पद्धतीत साडी घोट्यापर्यंत येते. कोळी पद्धतीची नेसण आखूड आणि अंगाला घट्ट असते, तिचा फोटो इथे नमुना म्हणून चालत नाही. आणखी एक फसवा नमुना म्हणजे शिवलेली नऊवारी. तिच्या निऱ्या इस्त्री केल्यासारख्या एकसारख्या असतात आणि पाय विजारीसारखे दिसतात. नेसलेल्या साडीला कमरेशी फुगीरपणा आणि चुण्या असतात.

बांगड्यांचा गोंधळ वेगळा. लाल-पांढरा चुडा पंजाबी नवरीचा. मराठी नवरीचा चुडा हिरव्या काचेचा. त्याच्या जोडीला सोन्याच्या चपट्या, नक्षीदार पाटल्या आणि जाड तोडे असतात. अनेक घरांत एका हातात एक बांगडी जास्त भरतात, म्हणून दोन्ही मनगटं मोजूनमापून एकसारखी काढू नयेत.

केसांचा मानेवर अंबाडा बांधतात, त्याभोवती गजरा माळतात आणि सोन्याचं फूल किंवा आकडा खोचतात. मोकळे केस सोडले की गजरा आणि मुंडावळ्या दोन्ही तरंगल्यासारखे दिसतात. मुंडावळ्यांची आडवी सर कपाळावरून जाते आणि कानशिलांपासून एकेक सर गालांच्या बाजूने खाली येते. कुंकू किंवा चंद्रकोर त्या आडव्या सरीखाली, भुवयांच्या मधोमध.

मात्र हे सगळं सांगण्याआधी प्रसंग ठरवावा. समजा, अंतरपाटाची वेळ निवडली. मग नवरीच्या गळ्यात मंगळसूत्र नाही आणि पायात जोडवीही नाहीत, कारण ती त्यानंतरच्या विधींत येतात. गौरीहराला मामाने दिलेली पिवळी अष्टपुत्री तिच्या अंगावर ठेवता येते. चित्रकाराला द्यायची चिठ्ठी अशी लिहावी:

‘अंतरपाटासमोर उभी नवरी, चेहरा तिच्या उजवीकडे किंचित वळलेला. पिवळी नऊवारी, ब्राह्मणी नेसण, घोट्यापर्यंत. पदर तिच्या डाव्या खांद्यावर. कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. डाव्या नाकपुडीत मोत्यांची नथ, साखळी नाही. कपाळावर मुंडावळ्या आणि चंद्रकोर. मानेवर अंबाडा, त्याला गजरा. दोन्ही हातांत हिरवा चुडा आणि पाटल्या. मंगळसूत्र नाही.’

काष्ट्याची रुंदी, पदराची लांबी, कुंकवाचा आकार घराघरांत बदलतो. म्हणून कच्चं रेखाटन आलं की रंग भरण्याआधी ते घरातल्या नऊवारी नेसणाऱ्या बाईला दाखवून घ्यावं.