सूचनाफलकावरची सहानुभूती

दहावीच्या पूर्वपरीक्षेची सूचना शाळेत दर वर्षी निघते. जुनी फाईल उघडायची, तारखा बदलायच्या, मुख्याध्यापकांची सही घ्यायची आणि फलकावर लावायची. या धबडग्यात वीस वर्षांपूर्वीची वाक्यं तशीच पुढे चालत राहतात. अशा अनेक सूचनांमध्ये आढळणारी वाक्यं एकत्र करून पुढचा मजकूर नमुन्यादाखल तयार केला आहे. तो कुठल्या एका शाळेचा नाही, पण वाचणाऱ्या बहुतेकांना ओळखीचा वाटेल.

“इयत्ता दहावीची पूर्वपरीक्षा सोमवार, दि. १२ जानेवारीपासून सुरू होत आहे. शाळेतील अपंग, मतिमंद व मूकबधिर अशा दुर्दैवी विद्यार्थ्यांना सहानुभूतीपूर्वक जादा वेळ देण्यात येईल. व्हीलचेअरला खिळलेल्या व इतर व्याधिग्रस्त मुलांची बैठक व्यवस्था नॉर्मल विद्यार्थ्यांपासून वेगळी केली आहे. अशा मुलांच्या पालकांनी प्रमाणपत्र तातडीने जमा करावे. मुलांची यादी अपंगत्वाच्या प्रकारासह फलकावर लावली आहे. अपंगत्वावर मात करून परीक्षेस बसणाऱ्या या मुलांचे शाळेला कौतुक आहे.”

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नाही, हे उघड आहे. तरीही ही सूचना पालक म्हणून वाचून पाहा. जादा वेळ म्हणजे किती? वेगळी बैठक कोणत्या खोलीत? प्रमाणपत्र कसलं, कोणाकडे द्यायचं, कोणत्या तारखेपर्यंत? लेखनिक मिळेल का? एकाही प्रश्नाचं उत्तर इथे नाही. ‘दुर्दैवी’, ‘सहानुभूतीपूर्वक’, ‘मात करून’, ‘कौतुक’ हे शब्द खोडले, तर सूचनेतली माहिती तसूभरही कमी होत नाही. जिथे आकडा, खोली आणि तारीख लिहायची, तिथे भावना लिहून ठेवली आहे. माझ्या मते अशा सूचनांचा खरा दोष हाच आहे. नुसते शब्द बदलून तो जात नाही.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात ‘अपंग’ला पर्याय शोधण्यापासून करू नये. ही सूचना वाचून कोणी काय करायचं आहे, हे आधी ठरवावं. इथे काम एकच आहे: ज्या विद्यार्थ्याला परीक्षेत काही सोय लागते, त्याच्या पालकांनी ती वेळेत मागावी. तेव्हा वाक्याच्या मध्यभागी सोय हवी आणि मुलाच्या शरीराचं वर्णन तिथून बाजूला व्हायला हवं.

या बदलाचा सर्वांत मोठा फायदा होतो तो ‘अपंग’ म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांसमोरच न येणाऱ्या मुलाला. डिस्लेक्सिया असलेल्या मुलीचं उदाहरण घेऊ. ती चांगली बोलते, विज्ञानातल्या कल्पना तिला पटकन कळतात, पण वाचायला तिला इतरांपेक्षा बराच वेळ लागतो. तिचे आईवडील फलकावर ‘अपंग, मतिमंद व मूकबधिर’ वाचतात आणि पुढे जातात. हे आपल्या मुलीसाठी आहे, असं त्यांच्या मनातही येत नाही. आलं, तरी या यादीत तिचं नाव घालायला ते धजत नाहीत. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. १९९५च्या कायद्यात सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस आहेत. सूचनेची भाषा मात्र अजून सातांतच अडकली आहे. त्या मुलीला वेळ मिळत नाही, याचं कारण नियम नसून सूचनेतला शब्द आहे.

आता एकेक शब्द पाहू. ‘मतिमंद’ हा सरकारी कागदांत वर्षानुवर्षं वापरलेला शब्द आहे, पण ऐकणाऱ्याच्या कानाला ती शिवीच लागते. कायद्यातली आजची संज्ञा आहे ‘बौद्धिक अक्षमता’. ‘मूकबधिर’ तर वस्तुस्थितीलाच धरून नाही. ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांच्या स्वरयंत्रात काहीही दोष नसतो. काही जण बोलतात, काही जण खुणांच्या भाषेत बोलतात, आणि ती व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. त्यांना ‘मूक’ म्हणणं चूक आहे. ‘कर्णबधिर’ पुरेसं आहे. व्हीलचेअरला कोणी ‘खिळलेलं’ नसतं. खुर्ची नसती तर ते मूल घरीच राहिलं असतं. खुर्चीमुळे ते शाळेत येतं. म्हणून ‘व्हीलचेअर वापरणारे विद्यार्थी’ म्हणावं. ‘ग्रस्त’ आणि ‘पीडित’ यांच्या जागी साधं ‘असलेले’ चालतं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ‘आँख मिचोली’ या चित्रपटाच्या प्रकरणात निकाल देताना पीडित, ग्रस्त, बळी अशा अर्थाचे शब्द टाळायला सांगितलं आहे. प्रश्न चित्रपटातल्या चित्रणाचा होता. पण तिथे दिलेलं कारण शाळेच्या फलकालाही लागू पडतं. असे शब्द अडचणीचं मूळ माणसात दाखवतात आणि भोवतालच्या अडथळ्यांकडे दुर्लक्ष होतं.

‘नॉर्मल विद्यार्थी’ खोडल्यावर तिथे बहुधा काहीच लिहावं लागत नाही, फार तर ‘इतर विद्यार्थी’. ‘मात करून’ आणि ‘असूनही’ हे शब्द कौतुकाचा आव आणतात, म्हणून ते हातून सुटतात. ‘अंध असूनही प्रथम क्रमांक’ या वाक्यात आपली अपेक्षा काय होती, ते उघडं पडतं. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी पहिली आली, एवढं लिहिलं की तिचं कौतुक पूर्ण होतं.

‘दिव्यांग’ या शब्दाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण अनेक शाळा दुरुस्ती म्हणून ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ घालतात आणि तिथेच थांबतात. पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मध्ये ‘मन की बात’मध्ये हा शब्द सुचवला, पुढच्या वर्षी केंद्राच्या विभागाच्या नावात तो आला, आणि महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला. त्या वेळी या क्षेत्रातल्या अनेक संघटनांनी आक्षेप घेतला होता. आम्हाला दैवी ठरवू नका, रॅम्प आणि ब्रेल पुस्तकं द्या, असा त्याचा आशय होता. आक्षेप रास्त आहे. पण आज प्रमाणपत्रावर, योजनांच्या नावांत, अर्जांत हाच शब्द आहे. तेव्हा प्रमाणपत्राचा किंवा योजनेचा उल्लेख करताना तो वापरावा, एरवी नेमकी गोष्ट सांगावी. आणि ‘दुर्दैवी दिव्यांग बालके’ असं लिहिल्याने काहीच सुधारत नाही, हे लक्षात ठेवावं.

उलट, प्रत्येक थेट शब्द अपमानकारक नसतो. अनेक अंध व्यक्ती स्वतःला बिनदिक्कत ‘अंध’ म्हणतात, त्यांच्या संस्थांच्या नावांतही तो शब्द आहे. त्याऐवजी ‘दृष्टीचे आव्हान असलेले’ अशी गोलमोल रचना केली, तर जणू काही लाजेची गोष्ट झाकतो आहोत असं होतं. एखाद्या विशिष्ट मुलाबद्दल लिहायचं असेल तर त्याला आणि पालकांना कोणता शब्द चालतो, हे विचारून घ्यावं.

हे सगळं धरून सूचना पुन्हा लिहिली तर अशी होईल:

“इयत्ता दहावीची पूर्वपरीक्षा सोमवार, दि. १२ जानेवारीपासून सुरू होईल. तीन तासांच्या पेपरची वेळ सकाळी ११ ते दुपारी २. वाढीव वेळ मंजूर असलेल्या विद्यार्थ्यांना दर तासाला २० मिनिटे जास्त मिळतील; त्यांचा पेपर दुपारी ३ वाजता संपेल. वाचन, लेखन, दृष्टी, श्रवण, हालचाल किंवा अन्य कारणाने ज्या विद्यार्थ्याला वाढीव वेळ, लेखनिक, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका किंवा तळमजल्यावरील खोली हवी आहे, त्याच्या पालकांनी दि. २२ डिसेंबरपर्यंत वर्गशिक्षकांना लेखी कळवावे. सोबत दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्डाची प्रत द्यावी. पूर्वी दिली असल्यास पुन्हा देऊ नये. प्रमाणपत्र अद्याप मिळाले नसल्यास किंवा हात मोडल्यासारखी तात्पुरती अडचण असल्यास मुख्याध्यापकांना भेटावे. लेखनिक घेणारे विद्यार्थी तळमजल्यावरील खोली क्र. २ मध्ये बसतील, कारण तिथे प्रश्न मोठ्याने वाचून दाखवावे लागतात. मंजूर झालेली सोय फक्त संबंधित विद्यार्थी व पालकांना कळवली जाईल.”

ही सूचना पहिलीपेक्षा लांब आहे, आणि ते साहजिक आहे. पहिलीत नसलेली माहिती हिच्यात आली. ‘सहानुभूतीपूर्वक’ गेलं आणि ‘२० मिनिटे’ आलं. वाढीव वेळ ही कोणाच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून नाही. २०१६च्या कायद्यात परीक्षेतला जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे. वेगळी खोली राहिली, पण कारण सांगितल्यामुळे तिच्यातला वेगळं काढल्याचा भाव गेला. ‘वाचन, लेखन’ हे शब्द मुद्दाम आधी घेतले आहेत, म्हणजे डिस्लेक्सिया असलेल्या मुलीचे पालक तिथे थांबतील.

यादी मात्र पूर्ण काढून टाकली आहे. मुलाचं नाव, त्याच्या अक्षमतेचा प्रकार आणि टक्केवारी फलकावर लावण्याचं कसलंही कारण नाही. पर्यवेक्षकाला लागते ती माहिती एवढीच: या बैठक क्रमांकाचा पेपर ३ वाजता घ्यायचा. ती त्याच्या पाकिटात द्यावी.

असं लिहायला बसलं की अडचणी वर येतात, आणि त्या भाषेच्या नसतात. खोली क्रमांक लिहिताना कळतं की तळमजल्यावरच्या खोलीलाही तीन पायऱ्या आहेत. पेपर ३ वाजता संपेल असं लिहिताना लक्षात येतं की दुसऱ्या सत्राचे विद्यार्थी १ वाजता येतात आणि बाहेर गलका होतो. अशा वेळी वाक्य मोघम करून वेळ मारून नेऊ नये. पायऱ्यांवर फळीचा रॅम्प टाकता येत असेल तर टाकावा, नाही तर दुसरी खोली शोधावी. सोय झाल्यावरच ते वाक्य लिहावं.

सूचना आता फलकाइतकीच व्हॉट्सॲपच्या गटावरही जाते, आणि तिथे बहुधा फलकाचा फोटो टाकला जातो. अंध पालकांचा फोन अक्षरांचा मजकूर आवाजात वाचून दाखवतो, वाकड्या फोटोतला मजकूर मात्र त्याला अनेकदा वाचता येत नाही. म्हणून फोटोबरोबर मजकूर टंकून पाठवावा.

काही ठिकाणी जुने शब्द तसेच ठेवावे लागतात. जुन्या शासन निर्णयाचं नाव, एखाद्या संस्थेचं नोंदणीकृत नाव किंवा मुलाच्या आधीच्या प्रमाणपत्रावरचा मजकूर शाळेने आपल्या मनाने बदलला, तर नावं न जुळल्यामुळे मंडळाकडे पाठवलेला प्रस्ताव परत येऊ शकतो. तिथे मूळ शब्द अवतरणचिन्हांत जसाच्या तसा द्यावा आणि त्याच्या पुढची वाक्यं आजच्या भाषेत लिहावीत.