मैत्रिणींचं भांडण समुपदेशक कसं सोडवतात? भावनिक बुद्धिमत्तेचं एक उदाहरण

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू झाली की शेतकरी घरातल्या मुलांनाही बांधीत हात लावावा लागतो. समजा, नववीतली एक मुलगी त्यासाठी चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी येते तर तिची मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसून हसत होती. ‘ही मलाच हसते आहे’ असं वाटून तिने मैत्रिणीची वही फाडली.

इथे घटना एवढीच आहे की मैत्रीण दुसऱ्या बाकावर होती आणि हसत होती. ‘मलाच हसते’ हा त्या मुलीने लावलेला अर्थ आहे. राग त्या अर्थातून आला आणि वही रागातून फाटली. समोरच्याचा हेतू स्पष्ट नसताना तो वाईटच आहे असं धरून चालण्याच्या या सवयीवर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी 1980 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. हेतू संदिग्ध असताना आक्रमक मुलं तो मुद्दाम त्रास देण्याचा समजून वागतात, असं त्यात दिसलं.

पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी 1990 मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची व्याख्या मांडली. भावना ओळखणं, समजून घेणं आणि हाताळणं ही त्यातली मुख्य कौशल्यं. वरच्या प्रसंगात मुलीला राग कळला, पण त्याखालचं ‘मला विसरली’ हे दुःख कळलं नाही.

म्हणून समुपदेशक आधी दोघींशी वेगवेगळं बोलतात. ‘असं का केलंस?’ या प्रश्नाने मूल बचाव करू लागतं. त्यापेक्षा ‘तू काय पाहिलंस? तेव्हा मनात काय आलं? अंगात काय जाणवलं?’ असं क्रमाने विचारतात. मग येतो महत्त्वाचा प्रश्न: ‘ती हसण्याची आणखी दोन कारणं कोणती असू शकतील?’ मुलीने स्वतःच कारणं सांगितली की अर्थ सैल होतो. त्यानंतर दोघींची एकत्र भेट होते. आपलं म्हणणं मांडण्याआधी प्रत्येकीने समोरचीचं म्हणणं तिला पटेल असं सांगायचं. फाटलेली वही भरून देणं हा समेटाचा भाग असतो. कारण समजलं म्हणून नुकसान माफ होत नाही.

प्रकरण-अहवाल लिहिताना घटना, अर्थ, भावना आणि कृती यांचे चार रकाने करावेत. ‘तिने मला अपमानित केलं’ हे वाक्य घटनेच्या रकान्यात गेलं, तर चूक तिथेच झाली.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. एकच मूल वारंवार लक्ष्य होत असेल आणि त्रास देणाऱ्यांचं बळ जास्त असेल, तर ते भांडण नसून छळ आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवलं तर कमजोर मूल भीतीने ‘हो’ म्हणतं. ‘मिटलं’ म्हणूनही ते मूल मधल्या सुट्टीत एकटंच राहत असेल, शाळा टाळत असेल, तर काहीच मिटलेलं नाही. अशा वेळी आधी त्याची सुरक्षितता पाहावी लागते आणि छळ थांबवण्याची जबाबदारी शाळेतल्या मोठ्यांनी घ्यावी लागते.