दुरुस्तीची फेरी कुठे संपते?

स्वतंत्र डिझायनरच्या करारात ‘दोन दुरुस्त्या’ एवढेच लिहिले, तर वाद ठरलेलाच. दुरुस्ती म्हणजे काय, हे आधी ठरावे लागते. ग्राहकाकडच्या एकाच अधिकृत व्यक्तीने सगळे बदल एकत्र, लेखी कळवले, की ती एक फेरी. मंजूर आराखडा सोडून नवी कल्पना मागणे ही दुरुस्ती नव्हे. ते नवे काम.

समजा, मिठाईच्या दुकानाचा लोगो 30,000 रुपयांना ठरला. 12,000 आगाऊ, 9,000 आराखडा मंजूर झाल्यावर, उरलेले 9,000 मूळ फाइल देण्यापूर्वी. दुसऱ्या फेरीनंतर मालक म्हणतात, “जाता जाता पेढ्यांचा बॉक्सही करून टाका ना.” बॉक्स मूळ यादीत नाही. अशा वेळी गप्प राहून काम सुरू करणे हीच मोठी चूक. त्याच दिवशी वेगळा दर आणि वाढीव मुदत ईमेलने कळवावी. होकार आल्यावरच हात लावावा.

मंजुरीच न आल्यास हप्ता अडकतो, म्हणून ‘सात दिवसांत उत्तर नसल्यास आराखडा मंजूर’ हे कलम हवेच. कॉपीराइटचे हस्तांतर शेवटच्या हप्त्याशी बांधावे. 1957 च्या कायद्यानुसार ते लेखीच करावे लागते.