तीन दुखणी, एकच वाट

पीपीआर झालेल्या शेळीचं तोंड उघडलं की आधी खालच्या हिरडीकडे बघावं. दातांच्या मुळाशी बारीक करडे ठिपके दिसतात. दिवस-दोन दिवसांत ते एकमेकांत मिसळतात आणि वरच्या दंतपट्टीवर, जिभेवर, गालाच्या आतल्या बाजूला पसरतात. मेलेल्या पेशींचा कोंड्यासारखा थर बोटाला लागतो. तो निघाला की खाली लालभडक, कच्ची जागा उघडी पडते. तोंडाला घाण वास येतो. शेळीला भूक असते, पण चारा तोंडात धरवत नाही. या सगळ्याच्या आधी १०४ ते १०६ अंश फॅरेनहाइट ताप आलेला असतो, नाकातून पाणी गळत असतं, डोळे चिपडांनी चिकटलेले असतात. मग पातळ, दुर्गंधी हगवण लागते आणि पाठोपाठ खोकला नि धाप.

पाहणाऱ्याला ही तीन वेगवेगळी दुखणी वाटतात. तोंड चाऱ्यानं सोललं असेल, पोट पावसाळी गवतानं बिघडलं असेल, खोकला थंडीचा असेल. मुळात तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडलेली असते, आणि ती कशी घडते हे कळल्यावर मी कितीतरी वेळ थक्क होऊन बसलो होतो.

पीपीआरचा विषाणू श्वासाबरोबर आत येतो. आपल्याला वाटेल की नाकातोंडाच्या अस्तरावरच तो पहिला हल्ला करेल. तसं होत नाही. श्वसनमार्गात पहाऱ्यावर असलेल्या संरक्षक पेशी त्याला उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात. तिथल्या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ‘स्लॅम’ नावाचं एक प्रथिन असतं. विषाणूला नेमकं तेच धरता येतं. म्हणजे शत्रूला ओळखण्यासाठी जी यंत्रणा आहे, तीच त्याचं पहिलं घर होते. साधारण चार ते सहा दिवस शेळी वरून ठणठणीत दिसते आणि आत पांढऱ्या पेशी विषाणू घेऊन रक्तातून अंगभर फिरत असतात.

मग तो अस्तरापर्यंत पोचतो, पण आतून. तोंड, आतडं आणि श्वासनलिका यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. त्या जोडाजवळ, आतल्या अंगाला ‘नेक्टिन-४’ नावाचं दुसरं प्रथिन असतं. विषाणू त्याला धरून पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि बाहेरच्या अंगाने, थेट हवेत आणि लाळेत सुटतो. आत येण्याची वाट एका बाजूने, बाहेर पडण्याची दुसऱ्या बाजूने! तोंडातल्या पेशी मेल्या की व्रण होतात. आतड्याच्या पेशी मेल्या की पाणी शोषलं जात नाही, म्हणून हगवण लागते. अशा शेळीचं शवविच्छेदन केलं, तर मोठ्या आतड्याच्या वळ्यांवर रक्ताळलेले लाल पट्टे उठलेले दिसतात. फुप्फुसात शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून अनेक केंद्रकांच्या महाकाय पेशी तयार होतात.

न्यूमोनिया मात्र सगळाच विषाणूचा नसतो. पांढऱ्या पेशींचा नाश झालेला असल्यामुळे पाश्चुरेलासारखे, एरवी नाकाघशात निमूट राहणारे जिवाणू फुप्फुसात उतरतात. पुष्कळ शेळ्या या दुसऱ्या हल्ल्याने दगावतात. म्हणूनच पशुवैद्यक प्रतिजैविक देतात. ते विषाणूला लागू पडत नाही, जिवाणूंना पडतं. विषाणूवर औषध नाही. जोडीला क्षारयुक्त पाणी पाजायचं, तोंड धुवायचं आणि मऊ पेज घालायची.

ओळखताना गफलत होते ती लाळ्या-खुरकूत आणि मावा या दोन रोगांशी. लाळ्या-खुरकुतात खुरांत फोड येतात आणि जनावर लंगडतं. पीपीआरमध्ये खूर साफ असतात. माव्यात ओठांवर बाहेरून जाड खपल्या धरतात, हगवण नसते. तोंड, पोट आणि छाती तिन्ही एकदम बिघडलं आणि कळपातली चार महिन्यांपासून वर्षभरापर्यंतची जनावरं पटापट पडू लागली, तर पहिला संशय पीपीआरचाच घ्यावा.

हा विषाणू माणसातल्या गोवराचा आणि गुराढोरांच्या बुळकांडीचा भाऊबंद. त्याचं पहिलं वर्णन १९४२ साली आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधून आलं. भारतात तो १९८७ साली तामिळनाडूतल्या अरसूर गावी ओळखला गेला. बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याची घोषणा २०११ साली झाली. पीपीआरसाठी २०३० हे लक्ष्य ठरलं आहे, आणि ते ठरवायला ठोस आधार आहे. एकदा बरी झालेली शेळी पुढे रोग बाळगत नाही. विषाणू उन्हात, उघड्यावर फार टिकत नाही. त्याचे वाण वेगवेगळे असले तरी एकच लस सगळ्यांवर चालते.

आपल्याकडची मुख्य लस हिमाचलातल्या सुंग्री इथल्या विषाणूपासून मुक्तेश्वरच्या संशोधन केंद्रात तयार झाली. विषाणू पेशींच्या थरावर पुन्हा पुन्हा वाढवत नेऊन त्याची रोग करण्याची ताकद घालवली आहे, पण तो जिवंत आहे. एक मिलिलिटर, कातडीखाली. एवढ्यावर शेळीला निदान तीन वर्षं संरक्षण मिळतं. बहुतेक शेळ्यांच्या बाबतीत हे आयुष्य पुरेल इतकं आहे.

मग साथ पुन्हा का येते? समजा, मराठवाड्यातल्या एका गावात सगळ्या घरांच्या मिळून शंभर उस्मानाबादी शेळ्या आहेत. शिबिरात नव्वद टोचल्या. वर्षभरात एक तृतीयांश जनावरं विकली गेली किंवा मेली, आणि त्यांच्या जागी नवी करडं आली. आता संरक्षित साठ. आणखी एका वर्षाने चाळीस. एकाही शेळीची प्रतिकारशक्ती संपलेली नाही, तरी कळपाची निम्म्याहून अधिक गळून गेली. साथ थोपवायला साधारण सत्तर-ऐंशी टक्के जनावरं संरक्षित लागतात. अशा वेळी आठवडी बाजारातून आणलेली एक शेळी पुरते. म्हणून नवी शेळी तीन आठवडे वेगळी बांधायला हवी. आणि म्हणूनच सगळ्या कळपाला लागोपाठ दोन वर्षं टोचायचं, त्यानंतर एक-दोन वर्षं फक्त नव्या जनावरांना, अशी जागतिक मोहिमेची आखणी आहे.

बिघडतं ते बारीक ठिकाणी. लस गोठवून सुकवलेली येते. गार द्रावणात मिसळल्यावर ती बर्फावर ठेवून दोन तासांत संपवावी लागते. शेवटच्या वाडीपर्यंत उन्हात फिरलेल्या बाटलीतला विषाणू मेलेला असतो, टोचूनही काही उपयोग नाही. सिरिंज जंतुनाशकाने धुतली तरी तेच होतं, ती उकळून घ्यावी लागते.

कधी टोचल्यावर तिसऱ्या दिवशी शेळ्यांना ताप चढतो आणि गावात बोलणं सुरू होतं, लसीनेच मारलं. इथे दिवस मोजावेत. रोग अंगात शिरल्यापासून दिसायला चार ते सहा दिवस लागतात. म्हणजे त्या शेळ्या शिबिराच्या आधीच बाधित होत्या, आणि लसीचं संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून साथ पेटलेल्या गोठ्यात आजारी जनावरांना टोचत नाहीत, भोवतालच्या निरोगी कळपांना टोचतात.

लहान करडांची गोष्ट वेगळी आहे. लस दिलेल्या आईच्या चिकातून त्यांना प्रतिपिंडं मिळतात. तीन-चार महिने ती करडाला जपतात, पण तेवढ्याच इमानाने लसीतला जिवंत विषाणूही मारून टाकतात. दोन महिन्यांच्या करडाला टोचलं तर नोंदवहीत आकडा वाढतो, संरक्षण मिळत नाही. आईकडून आलेलं कवच विरल्यावर, चौथ्या महिन्याच्या सुमाराला त्याची पाळी येते. शेळ्या जुळी देतात आणि वर्षभर मागेपुढे वितात, तेव्हा वर्षातून एकच शिबिर घेतलं तर कुठली ना कुठली करडं वयात न बसल्यामुळे सुटतातच. त्यांची जन्मतारीख लिहून ठेवावी आणि काही महिन्यांनी फक्त त्यांच्यासाठी दुसरी फेरी काढावी. या फेरीला बाटलीही लहान, पंचवीस मात्रांची, पुरते.