अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा

"मामा, हा टाकू का?" म्हणत भाच्याने मोबाइल पुढे केला. चुलतभावाच्या लग्नातला फोटो होता. अंगात मरून कुर्ता, चेहरा खुललेला, आणि डाव्या खांद्यावर कुणाचीतरी चार बोटं. त्या कुणाला तरी कापून टाकलं होतं, बोटं मात्र राहून गेली होती. भाचा मेकॅनिकलचा डिप्लोमा करून चाकणला तीन वर्षं नोकरी करतोय. आता बदल हवाय म्हणून लिंक्डइनवर प्रोफाइल उघडत होता.

मी पंचवीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. गिऱ्हाईक शर्टावर आलं की आमचा ठरलेला प्रश्न असायचा, "कोट टाकून देऊ?" मग कॉम्प्युटरवर एकच निळा कोट आणि एकच लाल टाय गावातल्या निम्म्या तरुणांच्या गळ्यात जायचा. मान एकीकडे आणि कॉलर दुसरीकडे. अर्जाच्या कोपऱ्यात चिकटवायच्या फोटोला ते खपून जायचं. त्यामुळे नोकरीचा फोटो म्हणजे पासपोर्टचा फोटो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण पासपोर्टचा फोटो ओळख पटवण्यासाठी असतो. इथे फोटो बघणारा माणूस तुम्हाला ओळखतच नाही. पन्नास नावांची यादी अंगठ्याने सरकवताना त्याला तुमचा चेहरा दिसतो तो जेमतेम नखाएवढा, तोही गोलात. आता चौकोनात बसवलेला गोल म्हणजे चौकोनाचा सुमारे २१ टक्के भाग गेलाच. लग्नाच्या फोटोतली बोटं कदाचित त्या कोपऱ्यात गेलीही असती, पण तो फोटो मी वेगळ्याच कारणासाठी नाकारला. तो हातभर अंतरावरून घेतलेला सेल्फी होता.

सेल्फीत नाक मोठं दिसतं ही तक्रार स्टुडिओत मी रोज ऐकायचो, आणि लोक दोष द्यायचे कॅमेऱ्याला. दोष असतो अंतराचा. मोबाइल नाकापासून एक फुटावर, म्हणजे ३० सेंटिमीटरवर धरला, तर कान असतात साधारण ४२ सेंटिमीटरवर. नाक कानांपेक्षा इतकं जवळ असलं, की कानांच्या मानाने ते जवळजवळ दीडपट मोठं उमटतं. कान मागे पळतात, कपाळ पुढे येतं, चेहरा चमच्याच्या पाठीवर दिसावा तसा फुगतो. हाच मोबाइल पाच फुटांवर नेला तर नाक १५० सेंटिमीटरवर आणि कान १६२ वर. फरक उरतो आठ टक्क्यांचा, आणि तो कुणाच्या नजरेत येत नाही. आपण समोरच्या माणसाशी बोलतो तेही साधारण याच अंतरावरून, म्हणून तो चेहरा ओळखीचा वाटतो.

यावर भाच्याची शंका रास्त होती: पाच फुटांवरून काढला तर मी चिमुकला दिसेन ना? दिसशील, पण नंतर कापायचा. कापल्याने चेहऱ्याचं प्रमाण बदलत नाही, ते फोटो काढताना असलेल्या अंतरानेच ठरून गेलेलं असतं. बारा मेगापिक्सेलचा उभा फोटो ४००० पिक्सेल उंच असतो. पाच फुटांवरून त्यात डोकं साधारण पावणेपाचशे पिक्सेल उंचीचं येतं. चेहऱ्याने चौकटीचा सुमारे साठ टक्के भाग व्यापावा, अशी लिंक्डइनची स्वतःचीच शिफारस आहे. त्या मापाने कापलं तर साधारण आठशे पिक्सेलचा चौकोन हाती येतो. साइटला चारशे बाय चारशे पुरतात. म्हणजे स्वस्तातल्या मोबाइललाही हे काम झेपतं, अट एकच, मोबाइल दुसऱ्या कुणीतरी धरायचा किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टायमर लावायचा. मागच्या बाजूचा कॅमेरा वापरायचा, आणि तो डोळ्यांच्या उंचीवर हवा. खालून काढला तर नाकपुड्या दिसतात.

रविवारी सकाळी दहाला आम्ही बसलो. घरातली उत्तरेकडची खिडकी निवडली, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. खिडकी त्याच्या डाव्या हाताला, थोडी पुढे राहील अशी खुर्ची ठेवली. मागची भिंत चार फूट लांब ठेवली, म्हणजे तिच्यावर सावली पडत नाही आणि ती किंचित धूसर होते. उजवा गाल काळवंडत होता, म्हणून टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल त्या बाजूला दुसऱ्या खुर्चीवर उभा केला. खिडकीचा उजेड त्यावरून परतून गालावर आला. हजारो रुपयांची छत्री लाइट याहून फार वेगळं काही करत नाही, हे मी धंद्यात असताना कधी बोललो नसतो.

आणि ट्यूबलाइट बंद केली. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण घरी काढलेले बहुतेक फोटो इथेच फसतात. खिडकीचा उजेड निळसर, दिव्याचा पिवळा किंवा हिरवट. दोन्ही एकदम पडले की एक गाल एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. नंतर एडिटिंगमध्ये पिवळेपणा काढायला जावं तर निळा गाल आणखी निळा होतो. एकाच जातीचा उजेड असेल तर दुरुस्ती सोपी असते, दोन जातींचा असेल तर नाद सोडून फोटो पुन्हा काढावा.

कपड्यांचं फार नाही. साधा आकाशी शर्ट, बारीक चौकडी नको, कारण छोट्या आकारात ती किलबिलते. कोट तो कामावर घालत नाही, मग इथे कशाला? चष्म्यात खिडकी चमकत होती. काड्यांची टोकं कानांवरून केसभर उचलली, भिंगं किंचित खाली कलली आणि चमक गेली. चाळीसेक फोटो काढले. पहिले दहा नेहमीच वाया जातात, माणूस सैल व्हायला तेवढा वेळ घेतो.

खरी पंचाईत पुढे होती. चाळीसातून सहा बाजूला काढले आणि भाच्याने क्षणात एकावर बोट ठेवलं. त्यात त्याने हनुवटी वर केली होती, ओठ मिटलेले, नजर करारी. मला तो भांडायला निघाल्यासारखा वाटला. त्याला वाटत होतं, यात मी आत्मविश्वासू दिसतो.

स्वतःचा फोटो स्वतः निवडू नये, हे मी अनुभवाने सांगत आलो होतो. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तपासूनही पाहिलं. विद्यार्थ्यांना स्वतःच्या बारा फोटोंमधून निवड करायला सांगितली, आणि तशीच निवड अनोळखी लोकांचे फोटो घेऊनही करायला सांगितली. फेसबुकसाठी कुठला, जोडीदार शोधायच्या साइटसाठी कुठला, नोकरीच्या साइटसाठी कुठला, असे तीन प्रसंग होते. मग हे सगळे फोटो तिसऱ्याच लोकांना दाखवले. माणसाने स्वतः निवडलेल्यापेक्षा परक्याने त्याच्यासाठी निवडलेल्या फोटोने छाप चांगली पाडली.

याच्या मुळाशी काय असेल याचा एक धागा आरशात सापडतो. आपण स्वतःला उलटं पाहूनच वाढतो. भांग एका बाजूला, तीळ एका बाजूला, सगळं आरशातलं. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचा उलटा छापलेला फोटो जास्त आवडला, मैत्रिणींना मात्र तोच फोटो सुलटा आवडला. सेल्फी घेताना मोबाइलच्या पडद्यावर दिसतो तोही आरसाच, म्हणून तिथे आपण बरे दिसतो आणि सुलटा फोटो हाती आला की "हा मी नाहीच" असं वाटतं. तेव्हा फोटो कधी उलटा करून लावू नये. शर्टाचा खिसा उजवीकडे गेला की जाणकाराला कळतंच.

मी भाच्याला सांगितलं, सहाही फोटो कापून नखाएवढे कर आणि कामावरच्या दोघांना पाठव. चांगला कुठला असं विचारू नकोस. "तुझ्या टीममध्ये यातला कोण घेशील?" असं विचार. दोघांनीही चौथा सांगितला. त्यात तो मान जराशी पुढे करून हसतोय, दात थोडे दिसतायत आणि डोळ्यांखाली सुरकुत्या उमटल्यात. भाच्याने तो शेवटच्या क्रमांकावर ठेवला होता.

एडिटिंगला दहा मिनिटं लागली. आधी चौकोनी कापला. डोक्यावर बोटभर जागा सोडली आणि हनुवटीखाली खांदे येतील एवढं ठेवलं. नोकरी शोधतोय हे सांगणारी हिरवी पट्टी लावली तर ती गोलाच्या खालच्या कडेवर बसते, हनुवटीला टेकलेली बरी दिसत नाही. अर्थात, सध्याच्या साहेबांना कळू द्यायचं नसेल तर ती पट्टी लावूच नये. मग मागची भिंत पांढरी दिसेपर्यंत रंगाची ऊब कमीजास्त केली. भिंत जागेवर आली की कातडीचा रंग आपोआप जागेवर येतो. उजेड थोडा वाढवला, सावल्या थोड्या उचलल्या, आणि थांबलो.

हनुवटीवर एक पुळी होती, ती पुसली. भुवईवरचा लहानपणीचा व्रण ठेवला. आमच्याकडे टचिंग करणारे एक जुने गृहस्थ होते, त्यांचा नियम होता: पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते काढायचं, राहील ते ठेवायचं. मुलाखतीच्या टेबलापलीकडून कुणी व्रणाकडे बघून गोंधळायला नको.

गोरं करण्याचं मात्र मला चीड येईपर्यंत वावडं आहे. कित्येक मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत करणारा ब्यूटी मोड न सांगताच चालू असतो. फोटो काढण्याआधी तो शून्यावर आणावा. चालू राहिला होता का, हे ओळखायचं तर चेहऱ्याचा रंग मानेशी आणि कानांशी ताडून बघायचा. चेहरा उजळ आणि मान सावळी असेल तर फिल्टर लागलाय. भुवईचे केस सुटे दिसण्याऐवजी पेन्सिलने काढल्यासारखे सलग दिसत असतील तरी तेच.

फोटो माझ्या मोबाइलमधून त्याच्याकडे जाताना व्हॉट्सअॅपने चुरगळू नये म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवला. असं पाठवलं की फोटो कुठे काढला ती जागाही आत तशीच राहते, पण भाच्याला मामाचं घर ठाऊक आहे. चढवल्यावर त्याने सेटिंगमध्ये फोटो सगळ्यांना दिसेल असं केलं. ते फक्त ओळखीच्यांपुरतं ठेवलेलं असतं, तर एवढा खटाटोप अनोळखी माणसापर्यंत पोचलाच नसता.

ताई हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. हात पुसत आली, मोबाइल घेतला आणि सहाच्या सहा फोटो पाहिले. चौथ्यावर काहीच बोलली नाही. हनुवटी वर केलेल्या त्या फोटोवर थांबली. म्हणाली, "हा पुसू नकोस रे. बायोडाटाला लागेल."