सर्टिफिकेट आहे, पण सवलत मिळेल का?

व्हिएतनामहून प्लॅस्टिकचे डबे मागवताय आणि सप्लायर म्हणतोय, ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन देतो.’ आधी विचारा, कोणतं? चेंबरच्या साध्या सर्टिफिकेटवरून माल कुठला ते कळतं, पण ड्युटी कमी होत नाही. आसियान कराराच्या सवलतीला ‘फॉर्म एआय’ लागतो.

त्यात ओरिजिन क्रायटेरियाचा रकाना नीट बघा. `WO` म्हणजे माल पूर्णपणे तिथलाच, जशी शेतातली मिरी. डबे चिनी प्लॅस्टिक दाण्याचे असतील तर `WO` चुकीचं. तिथे `RVC 40% + CTSH` असं काहीतरी हवं. समजा डब्याची एफओबी किंमत 100 रुपये आणि बाहेरचा कच्चा माल 60 रुपयांचा. उरले 40. किमान 35 लागतात, म्हणजे जमलं. शिवाय दाण्याचा आणि डब्याचा सहा आकडी एचएस कोड वेगळा हवा, आणि तो इथे असतोच.

बिल ऑफ एन्ट्रीत नोटिफिकेशन 46/2011, सर्टिफिकेटचा नंबर, तारीख आणि हाच क्रायटेरिया जसाच्या तसा टाकायचा. भरतो सीएचए, पण जबाबदारी तुमची. 2020 च्या कॅरोटार नियमांप्रमाणे वरचा हिशोब तुमच्याकडे हवा, तोही 5 वर्षं. कस्टम्सपुढे ‘सप्लायरला माहीत’ हे उत्तर चालत नाही. म्हणून ॲडव्हान्स पाठवण्याआधीच तो मागा. सर्टिफिकेटचा ड्राफ्टही व्हॉट्सॲपवर बघून घ्या, कारण अर्धवट किंवा सही-शिक्क्याशिवाय खाडाखोड केलेल्या सर्टिफिकेटवर क्लेम चौकशीविनाच नाकारता येतो.